वाटी अर्धी, डाळ दुप्पट

आमच्या घरातल्या बाल्कनीत कोरफडीची एक कुंडी आहे. गेल्या नोव्हेंबरात त्या कुंडीला आंबूस वास यायला लागला. माती उकरून पाहिली तेव्हा उलगडा झाला. आम्ही रोज सकाळी अकरा वाजता अम्मींच्या हातात पेलाभर दूध देऊन शाळेला निघायचो, आणि त्यातले अर्धे दूध कोरफड पीत होती.

अम्मी ७६ वर्षांच्या आहेत. आम्ही त्यांना विचारले तेव्हा त्या ओशाळल्या नाहीत, उलट आमच्यावरच रागावल्या. "एवढा मोठा पेला बघूनच माझं पोट भरतं. तो प्यायले तर दुपारी जेवण जात नाही. नाही प्यायले तर तुम्ही तोंड फुगवता. मग मी काय करू?"

त्यांचे म्हणणे आम्ही मनावर घेतले नसते, तर कदाचित पेला आणखी मोठा केला असता. पण त्याच आठवड्यात त्यांच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकताना दिसल्या. सप्टेंबरात दवाखान्यात त्यांचे वजन साडेसेहेचाळीस किलो भरले होते. नोव्हेंबरअखेर ते ४३ किलो ७०० ग्रॅम भरले. म्हणजे तीन महिन्यांत पावणेतीन किलो गेले होते. उतारवयात न ठरवता सहा महिने ते वर्षभरात वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे शंभरातले पाच, कमी झाला तर डॉक्टरांना दाखवावे असा साधा नियम आहे. आमची वेळ त्याच्याही पुढे गेली होती.

म्हणून वाटीचा हिशोब करण्याआधी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. भूक का गेली हे शोधल्याशिवाय घरात कितीही मापे बदलली तरी उपयोग नसतो. साखर, थायरॉइड, मूत्रपिंड, रक्तातले लोह तपासून झाले, चालू गोळ्यांची यादी दाखवून झाली. सुदैवाने मोठे काही निघाले नाही. निघाली ती कवळी. हिरड्या आक्रसल्यामुळे ती सैल झाली होती आणि चावताना टोचत होती. म्हणून अम्मी सफरचंदाच्या फोडी ताटाच्या कडेला लावून ठेवत, आणि आम्ही समजत होतो की त्यांना फळ आवडेनासे झाले! कवळी दुरुस्त झाली. भूक मात्र लहानच राहिली. वयाबरोबर चव आणि वास मंदावतात, पोट रिकामे व्हायला वेळ लागतो आणि थोड्याशा अन्नाने भरल्यासारखे वाटते. डॉक्टर म्हणाले, "त्या जेवढं खातात तेवढ्यातच जास्त बसवा."

आम्ही पेशाने शिक्षक. एक वही घातली आणि तीन दिवस काहीही न बदलता फक्त लिहून काढले. ताटात किती वाढले ते नव्हे, तर पोटात किती गेले ते. त्यासाठी जेवण झाल्यावर वाटीत उरलेलेही मोजायचे. घरची वाटी किती मोठी आहे हे आम्हाला इतकी वर्षे माहीत नव्हते. मापाच्या भांड्याने पाणी ओतून पाहिले तर ती १५० मिलिलिटरची निघाली. पेला दोनशेचा.

तीन दिवसांच्या नोंदीतून जे दिसले ते असे. सकाळी चहा आणि टोस्ट. साडेनऊला अर्धी चपाती. अकराला पेलाभर दूध, त्यातले अर्धे कुंडीत. दुपारी दोन चमचे भात आणि वाटीभर डाळ, पण अर्ध्यावर हात थांबायचा. संध्याकाळी चहा आणि त्यानंतर बशीभर पपई. रात्री आठला अर्धी चपाती सालनात बुडवून, बोटी तशीच बाजूला. "आत्ताच तर फळ खाल्लं ना," असे म्हणून त्या उठायच्या.

यातून प्रथिने किती गेली याची बेरीज केली तर ती दिवसाला वीस ग्रॅमच्या आत राहिली. आपल्याकडे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था मोठ्या माणसासाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगते. वृद्धांच्या आहाराचे जाणकार किलोमागे एक ग्रॅम किंवा थोडे जास्त सुचवतात, कारण या वयात स्नायू झपाट्याने झिजतात. म्हणजे अम्मींना साधारण ४४ ग्रॅम हवीत आणि मिळत होती त्याच्या निम्म्याहून कमी.

आमची चूक इथेच होती. आम्ही अम्मींचे ताट म्हणजे आपल्याच ताटाची लहान प्रत समजत होतो. सगळेच थोडे थोडे कमी वाढायचे. पण वय झाले की भाकरी-भाताची गरज कमी होते, डाळ-दुधाची तेवढी कमी होत नाही. याच संस्थेने २०२४ साली काढलेल्या आहार मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या दिवसासाठी ८५ ग्रॅम डाळ, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही आणि १०० ग्रॅम फळ असे माप दिले आहे. डाळीचे वजन कच्च्या डाळीचे आहे. डाळीतला काही भाग अंडी, मासे किंवा मांसाने भरून काढता येतो. अम्मींचे जेवण दोन हजार कॅलरींचे नाही, कधी होणारही नाही. म्हणून आम्ही डाळ पन्नास ग्रॅमवर आणली आणि जोडीला एक अंडे दिले. दुधाचे आणि फळाचे माप मात्र तसेच ठेवले.

आता डाळीकडे येऊ, कारण सर्वात मोठी फसवणूक तिथे होत होती. आमच्याकडे दोन वेळचे मिळून १५० ग्रॅम तूरडाळ शिजते आणि फोडणी-पाणी होऊन तिच्या बारा वाट्या होतात. म्हणजे एका वाटीत साडेबारा ग्रॅम डाळ. अम्मी अर्धी वाटी खात, म्हणजे सहा ग्रॅम. त्यातही पातेले दहा मिनिटे उभे राहिले की डाळ खाली बसते आणि वर पिवळे पाणी राहते. अम्मींना पातळ बरे जाईल म्हणून आम्ही पळी वरच फिरवत होतो! तुमच्या घरी हे तपासायचे असेल तर वाढलेली वाटी दहा मिनिटे तशीच ठेवून बघा. वरचे दोन बोटे पाणी स्वच्छ दिसले तर ती वाटी डाळीची नव्हे, डाळीच्या पाण्याची आहे.

उपाय सोपा निघाला, त्यासाठी वेगळी डाळ शिजवावी लागली नाही. दीडशे ग्रॅम डाळ अर्धा तास भिजवायची, साधारण अडीच पट पाण्यात कुकरला लावायची आणि घोटायची. आता बाकीच्यांसाठी पाणी घालण्याआधी त्या घट्ट डाळीतून अम्मींच्या दोन अर्ध्या वाट्या काढून घ्यायच्या. एवढ्या घट्ट डाळीच्या सहा अर्ध्या वाट्या होतात, म्हणजे अर्ध्या वाटीत पंचवीस ग्रॅम डाळ येते. पूर्वीच्या भरलेल्या वाटीच्या दुप्पट डाळ अर्ध्या वाटीत. उरलेल्या डाळीत पाणी घालून ती घरच्यांची. फार पातळ होऊ नये म्हणून आम्ही आता कुकरला मूठभर डाळ जास्त लावतो आणि अम्मींच्या वाट्या थोड्या मोजून भरतो. अम्मींच्या वाटीवर जिरे-लसणाची फोडणी आणि चमचाभर तूप. संध्याकाळची वाटी फ्रिजमध्ये ठेवायची आणि पुन्हा उकळी आणूनच द्यायची.

पण पहिल्याच आठवड्यात गडबड झाली. आम्ही उत्साहात एकदम दोन्ही वेळा पूर्ण माप दिले. तिसऱ्या दिवशी अम्मींचे पोट फुगले, चौथ्या दिवशी साफ झाले नाही, आणि पाचव्या दिवशी त्यांनी डाळीकडे पाहिलेही नाही. कारण नंतर लक्षात आले. पातळ डाळीतून जे पाणी पोटात जात होते, ते आम्ही काढून टाकले आणि त्याच्या जागी दुसरे दिले नाही. मग पुन्हा सुरुवात केली. तुरीऐवजी आधी मूग आणि मसूर, हिंग घालून. माप अर्ध्या वाटीच्याही अर्धे, ते दर दोन-तीन दिवसांनी चमचाभर वाढवत दहा दिवसांत पूर्ण. आणि पाणी जेवताना नव्हे, दोन जेवणांच्या मध्ये, अकरा वाजता आणि तीन वाजता, थोडे थोडे. जेवताना पाणी पोटातली जागा अडवते, मध्ये प्यायले तर अडवत नाही.

वाढण्याचा क्रमही बदलला. आधी भात आणि नंतर डाळ असे न करता पहिले चार घास डाळीचे. भूक चार घासांतच संपणार असेल तर ते घास कामाचे असावेत. ज्या दिवशी डाळीचा कंटाळा येतो, त्या दिवशी खूप शिजवलेला मऊ खिमा, दोन-तीन चमचे, साधारण तीस ग्रॅम. त्यातून तेवढीच प्रथिने मिळतात. आणि खिचड्यासारखा पदार्थ या वयासाठी फार सोयीचा आहे. गहू, डाळी आणि गोश्त घोटून एकजीव झालेले असतात, चावायचे काम जवळजवळ नसते. फक्त मिरची आणि वरचे तेल कमी ठेवावे.

दुधाच्या बाबतीत प्रश्न किती द्यायचे हा नव्हता, केव्हा द्यायचे हा होता. अकराचा पेला एकच्या जेवणाचा शत्रू होता. आम्ही तो बंद केला आणि तेच तीनशे मिलिलिटर दिवसभर पसरून टाकले. दोन चहांत पन्नास-पन्नास, शंभरचे दही दुपारच्या जेवणात, आणि शंभर रात्री झोपण्याआधी, जेवणानंतर तास-दीड तासाने. रात्री नंतर कोणते जेवण बिघडायचे नसते. पेला बदलून चहाचा कप घेतला. कप रिकामा करणे अम्मींना जमते, त्याचे त्यांना समाधानही वाटते.

मग भाईजानने सुचवले की टोन्डऐवजी फुल क्रीम दूध आणा. डॉक्टरांनी अम्मींना त्याची हरकत नाही म्हटले, तेव्हा आणले. पण यात एक बारकावा आहे. टोन्ड दुधात तीन टक्के स्निग्धांश असतो, फुल क्रीममध्ये सहा. म्हणजे शंभर मिलिलिटरमागे तीन ग्रॅम स्निग्धांश जास्त, साधारण पंचवीस-सत्तावीस कॅलरी जास्त. प्रथिने मात्र जवळजवळ तेवढीच राहतात. ती वाढवायची तर साधी साय काढलेल्या दुधाची पावडर उपयोगी पडते. एक मोठा चमचा, साधारण दहा ग्रॅम, साडेतीन ग्रॅम प्रथिने देतो. एक चमचा रात्रीच्या कपात, आणि एक चमचा दही विरजण्याआधी दुधात. दही घट्ट लागते, अम्मींना बाजारच्यापेक्षा तेच आवडते. दर रविवारी भाईजान पौष्टिक पेयाचा डबा आणायचे. आम्ही त्यावरचा तक्ता वाचून दाखवला. साखर किती आणि प्रथिने किती हे पाहिल्यावर त्यांनी स्वतःच म्हटले, "यापेक्षा अंडी आणतो."

फळाचे माप रोज शंभर ग्रॅम. बशीभर पपई त्याहून जास्त भरत होती आणि ती नेमकी रात्रीच्या जेवणाआधी पोट भरत होती. शंभर ग्रॅम पपईत केळ्याच्या निम्म्याहूनही कमी ऊर्जा असते, बाकी बरेचसे पाणी. भूक भरपूर असलेल्यांसाठी हा पपईचा गुण आहे, अम्मींसाठी अडचण. पपई सोडली नाही, पोट साफ राहायला ती हवीच. पण ती एक दिवसाआड आणि चार फोडींवर आली. फळाचे दोन भाग केले. अर्धे संत्रे दुपारच्या जेवणाबरोबरच, कारण आंबट फळातले क जीवनसत्त्व डाळीतले लोह शोषायला मदत करते. त्याच कारणाने चहा जेवणाला लागून नको, तो लोह अडवतो. दुसरा भाग साडेपाचला, अर्धे केळे किंवा एक लहान चिकू. थंडीत डहाणू-घोलवडचे चिकू भाईंदर स्टेशनबाहेर हातगाडीवर येतात. एकदा शेजारणीने खाडीपलीकडून वसईची सुकेळी आणली. वाळवलेले केळे, म्हणजे थोड्या जागेत पुष्कळ. बारीक कापून कोमट दुधात भिजवली तर कवळीला त्रास होत नाही. दोन भिजवलेल्या खजुरांचेही तसेच. ज्यूस मात्र बंद. पेलाभर ज्यूस पोट भरतो आणि चोथ्याचा फायदा टाकून देतो.

असा सगळा मिळून अम्मींचा आजचा दिवस हा:

साडेसात – चहा, टोस्ट.
साडेनऊ – एक अंडे, अर्धी चपाती.
अकरा – अर्धा पेला पाणी.
एक – घट्ट डाळ अर्धी वाटी, दोन चमचे भात, मऊ भाजी, दही, अर्धे संत्रे.
तीन – अर्धा पेला पाणी.
साडेचार – चहा.
साडेपाच – अर्धे केळे किंवा चिकू.
आठ – घट्ट डाळ अर्धी वाटी किंवा खिमा, अर्धी चपाती.
साडेनऊ – एक चमचा पावडर घातलेले कपभर दूध.

सगळे संपले तर प्रथिने चाळीसच्या आसपास जातात. सगळे रोज संपत नाही. वहीत पाहिले तर आठवड्यातले पाच दिवस बरे जातात, दोन दिवस नाही. राहिलेले दुसऱ्या दिवशी भरून काढायचा प्रयत्न आम्ही करत नाही. त्यातूनच पुन्हा पेला मोठा होतो आणि कोरफडीची चांदी होते.

वजन दर शुक्रवारी सकाळी, चहाआधी, त्याच काट्यावर, साधारण तशाच कपड्यांत. रोज करू नये. पाण्याने अर्धा किलो इकडेतिकडे होतो आणि घरात उगीच चेहरे पडतात. डिसेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत काटा हललाच नाही, आणि खाली न जाणे हीच पहिली कमाई होती. जानेवारीत सर्दी-तापात तीनशे ग्रॅम गेले, परत यायला तीन आठवडे लागले. फेब्रुवारीच्या मध्याला ४४ किलो ९०० ग्रॅम. गेलेल्या पावणेतीन किलोंपैकी सव्वा किलोच्या आसपास परत आले. त्यापेक्षा जास्त कळले ते दुसऱ्याच गोष्टीत. डिसेंबरात खुर्चीतून उठताना अम्मी हाताचा रेटा देत होत्या. आता जेसल पार्कच्या चौपाटीपर्यंत जाऊन बाकावर बसतात आणि हात न टेकता उठतात.

हे माप आमच्या अम्मींचे आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळ, दूध आणि केळे यांचे माप डॉक्टरांनीच ठरवायचे, तिथे वाढवणे घातक ठरू शकते. मधुमेह असेल तर केळे, चिकू, खजूर यांचा हिशोब वेगळा. दुधाने पोट बिघडत असेल तर बहुधा दही चालते. थायरॉइडची किंवा लोहाची गोळी दुधाबरोबर देऊ नये, किती अंतर ठेवायचे ते विचारून घ्यावे. आणि पाणी किंवा दूध पिताना वारंवार ठसका लागत असेल, तर तो प्रश्न भुकेचा नाही, गिळण्याचा आहे. तिथे आधी तपासणी, मग वाटी.

परवा शाळेतून परतलो तर अम्मी स्वयंपाकघरात उभ्या. कुकर उघडलेला, डाळ घोटून झालेली, आणि पाण्याचा तांब्या हातात घेतलेल्या सूनबाईला त्या म्हणत होत्या, "थांब, आधी माझ्या दोन वाट्या काढ." कोरफडीची माती आम्ही बदलली आहे. तिला आता साधे पाणी मिळते.